चेक बाउन्सची नोटीस घेऊन लॉ फर्मच्या मुलाखतीला

*मॅडम, नमस्कार. मी सांगलीची. सनद मिळाल्यापासून जिल्हा न्यायालयात एका वकिलांकडे काम करते. मुंबईत फोर्टमधल्या एका लॉ फर्मने ज्युनिअरच्या जागेसाठी बोलावलं आहे. स्वतः केलेले दोन ड्राफ्ट आणा, तासाभराचा रिसर्चचा प्रश्न असेल आणि अभ्यासलेल्या एका निकालावर बोलावं लागेल, असं त्यांनी कळवलंय. माझ्याकडे चेक बाउन्सच्या नोटिसा आणि फिर्यादींशिवाय काही नाही. बाकीचे उमेदवार शेअर खरेदीचे करार घेऊन येतील. मी काय नेऊ? निकाल म्हणून केशवानंद भारती घेऊ का?*
*— अ. पा., सांगली*

प्रिय अ.,

चेक बाउन्सचीच नोटीस ने. दुसरा ड्राफ्ट म्हणून त्याच प्रकरणाची फिर्याद ने, आणि निकालही त्याच कायद्यातला निवड. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसले आहे. इंटर्नशिपमध्ये हाती आलेला साठ पानांचा करार घेऊन येणारे उमेदवार पुष्कळ असतात. त्यातलं नुकसानभरपाईचं कलम असं का लिहिलं, एवढं विचारलं की बहुतेकांचं बोलणं तिथेच थांबतं, कारण ते कलम त्यांनी लिहिलेलंच नसतं. तुझी तीन पानांची नोटीस तू स्वतः लिहिली आहेस. तिच्यातल्या प्रत्येक तारखेचं आणि आकड्याचं कारण तुला सांगता आलं, तर समोरच्याला जे बघायचंय ते त्याला दिसतं.

कामासाठी एक उदाहरण घेऊ. समज, सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याने नागपूरच्या खरेदीदाराला माल दिला आणि त्याने ३,४०,००० रुपयांचा चेक दिला. चेकवर तारीख १० जानेवारी २०२६. चेक भरला आणि खात्यात पुरेशी रक्कम नाही या शेऱ्यानिशी परत आला. रिटर्न मेमो आपल्या पक्षकाराच्या हातात पडला ५ फेब्रुवारीला. याशिवाय जुन्या बिलांचे ५२,००० रुपये येणे बाकी आहेत.

आता नोटिशीतला मागणीचा परिच्छेद बघ. तालुक्याच्या ठिकाणी फिरणाऱ्या छापील नमुन्यांत तो बहुतेक असा असतो: ‘आमच्या अशिलांचे एकूण येणे रुपये ३,९२,०००, त्यावरील व्याज व नोटीस खर्चासह त्वरित अदा करावे.’ या एका वाक्याने प्रकरण जाऊ शकतं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ च्या परंतुकात मागणी ‘सदर रकमेची’ करायला सांगितली आहे, म्हणजे चेकवरच्या रकमेची. चेकची रक्कम वेगळी न मागता सगळी थकबाकी एकत्र मागितलेली नोटीस सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये राहुल बिल्डर्सच्या प्रकरणात अवैध ठरवली. कावेरी प्लास्टिक्सच्या २०२५ च्या निकालात तर चेक होता एक कोटीचा आणि नोटिशीत आकडा पडला दोन कोटींचा. टंकलेखनाची चूक आहे हे सांगूनही उपयोग झाला नाही. म्हणून परिच्छेद असा हवा: ‘सदर धनादेशाची रक्कम रुपये ३,४०,००० ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत अदा करावी.’ नोटीस खर्च मागायचा असेल तर पुढच्या परिच्छेदात, वेगळा आकडा टाकून. चेकची रक्कम स्पष्ट आणि सुटी वाचता येत असेल, तर खर्चाच्या जादा मागणीमुळे नोटीस बाद होत नाही, हे २००० च्या सुमन सेठीच्या निकालात आलं आहे. ५२,००० ची बाकी मात्र या नोटिशीत आणूच नकोस. तिच्यासाठी दिवाणी वसुलीचा मार्ग वेगळा आहे.

मुलाखतीत हा परिच्छेद समोर ठेवून ‘व्याज का मागितलं नाही?’ असं विचारतील. तेव्हा वरचं सगळं एका दमात म्हणून दाखवू नकोस. ‘नोटिशीची मागणी चेकच्या रकमेला चिकटून ठेवली, कारण रक्कम बदलली तर नोटीसच अवैध ठरते’, एवढं सांग. निकालाचं नाव त्यांनी विचारलं की दे.

दुसरा प्रश्न तारखांवर येणार. बेअर अ‍ॅक्ट आणि कॅलेंडर घेऊन हा हिशेब एकदा हाताने कर. मेमो ५ फेब्रुवारीला मिळाला, त्यानंतर ३० दिवस म्हणजे ७ मार्चपर्यंत नोटीस पाठवायची मुदत. तू २० फेब्रुवारीला स्पीड पोस्टने पाठवलीस आणि ट्रॅक रिपोर्टप्रमाणे २४ फेब्रुवारीला ती नागपुरात पोचली. खरेदीदाराला पैसे भरायला १५ दिवस. मिळाल्याचा दिवस सोडून मोजलं की ते ११ मार्चला संपतात. पैसे आले नाहीत तर १२ मार्चला फिर्यादीचं कारण घडतं, आणि तिथून एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करायची. इथे कायदा तीस दिवस म्हणत नाही, महिना म्हणतो. बरेच ज्युनिअर दोन्ही मुदती सारख्याच समजून मोजतात. शिवाय कारण घडलं तो दिवसही सोडायचा. साकेत इंडियाच्या १९९९ च्या निकालात १५ दिवस १४ ऑक्टोबरला संपले होते आणि १५ नोव्हेंबरला केलेली फिर्याद मुदतीत धरली गेली. त्याच मापाने आपली मुदत १२ एप्रिलला संपते.

आता कॅलेंडर उघड. १२ एप्रिल २०२६ ला रविवार आहे. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी दाखल करता येतं, हे जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १० मध्ये आहे, म्हणून सोमवार १३ तारीख चालेल. पण फर्ममध्ये काम करणाऱ्याने डायरीत शुक्रवार १० एप्रिल लिहायला हवं, आणि तू तसं लिहिलं असतंस हे तिथे सांग. उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण तो अर्ज म्हणजे पक्षकारासाठी नवीन खर्च आणि समोरच्याला आयता मुद्दा. आणि उलट बाजूचा धोकाही लक्षात ठेव: १५ दिवस संपायच्या आधीच केलेली फिर्याद ही फिर्यादच नव्हे, असं योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणात २०१४ मध्ये ठरलं आहे. म्हणजे ११ मार्चला घाईने दाखल केली तरी पंचाईत.

ड्राफ्ट नेताना दोन गोष्टी सांभाळ. पहिली गोपनीयता. तुझ्या सिनिअरांना विचारून, त्यांची परवानगी घेऊनच हे कागद ने. पक्षकार, बँक, चेक क्रमांक, पत्ता सगळं बदल. नावांवर काळा पट्टा ओढून पीडीएफ करू नकोस, कारण कित्येकदा त्या पट्ट्याखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. वर्डच्या फाइलमध्ये नावांच्या जागी ‘अ’ आणि ‘ब’ टाक, ट्रॅक चेंजेस स्वीकारून बंद कर, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कुणाचं नाव राहिलंय का बघ, मग पीडीएफ काढ. पहिल्या पानावर ‘ओळख पटेल असा तपशील बदलला आहे’ अशी ओळ लिही. पक्षकाराचं खरं नाव असलेला कागद टेबलावर ठेवणारा उमेदवार उद्या आमच्या पक्षकाराचा कागद दुसऱ्या टेबलावर ठेवील, असं मनात येतंच, आणि मग पुढचं काही ऐकलं जात नाही.

दुसरी गोष्ट, सिनिअरांनी काय बदललं ते खरं सांग. ‘पहिला मसुदा माझा, चौथा परिच्छेद सरांनी पुन्हा लिहिला, कारण मी त्यात मालाच्या दर्जाबद्दल नको ती कबुली देऊन बसले होते’, असं उत्तर मला कुठल्याही गुळगुळीत कागदापेक्षा जास्त सांगून जातं. नोटीस मूळ मराठीत असेल तर इंग्रजी मसुदा स्वतः कर आणि तो मुलाखतीसाठी नव्याने केला आहे हे लपवू नकोस. फर्मचं लेखी काम इंग्रजीत चालतं, पण सातबारा, फेरफार आणि खालच्या न्यायालयातले मराठी पुरावे तिथे रोज येतात. तुझी मराठी तिथे उपयोगाची आहे, संधी मिळाली तर तेही बोल.

फिर्यादीचा नमुना नेण्याआधी कलमं तपास. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. जुन्या नमुन्यावरून टाइप केलेल्या फिर्यादीत अजूनही कलम २०० सापडतं. नव्या संहितेत ती तरतूद कलम २२३ मध्ये आहे.

रिसर्चचा तास कसा जातो ते याच व्यापाऱ्यावर सांगते. समज, त्यांनी असा प्रश्न दिला: ‘व्यापाऱ्याचं खातं सांगलीच्या शाखेत. तो कामानिमित्त वाशीला होता, त्याने त्याच बँकेच्या वाशी शाखेत चेक भरला. चेक देणाऱ्याचं खातं नागपुरात. नोटीस आपल्या फोर्टच्या ऑफिसातून गेली. फिर्याद कुठे करायची?’

यात चार गावं मुद्दाम ठेवलेली असतात. उमेदवार डेटाबेसमध्ये ‘चेक बाउन्स अधिकारक्षेत्र’ शोधतो, पहिल्याच पानावर दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा २०१४ चा निकाल येतो. सर्वोच्च न्यायालय, तीन न्यायमूर्ती, आणि स्पष्ट उत्तर: चेक ज्या बँकेवर काढला ती जिथे आहे तिथलं न्यायालय. उमेदवार ‘नागपूर’ लिहून कागद देतो. हे उत्तर २०१४ मध्ये बरोबर होतं. २०१५ मध्ये संसदेने कलम १४२ ला दुसरं पोटकलम जोडलं. चेक खात्यामार्फत वसुलीसाठी दिला असेल, तर चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे त्या शाखेच्या हद्दीतलं न्यायालय. खाली एक स्पष्टीकरण आहे, ते बहुतेक जण वाचत नाहीत: आपल्या बँकेच्या कुठल्याही शाखेत चेक भरला तरी तो खातं असलेल्या शाखेतच भरला असं धरलं जाईल. म्हणून वाशीचा प्रश्न निकालात निघतो. उत्तर सांगली. हाच चेक खात्यामार्फत न जाता दुसऱ्या रीतीने पैशांसाठी सादर झाला असता, तर मात्र चेक देणाऱ्याच्या शाखेकडे, म्हणजे नागपूरला जावं लागलं असतं.

यातून शोधायचा क्रम कळतो. आधी बेअर अ‍ॅक्ट, तोही आजचा. इंडिया कोडवर कलम उघडून खालच्या टिपांमध्ये ते कधी बदललं ते बघायचं. मग निकाल. मग त्या निकालाचं पुढे काय झालं ते. पीठ कितीही मोठं असलं तरी ज्या कायद्याचा अर्थ त्याने लावला तो कायदाच बदलला असेल, तर पीठाचा आकार कामाला येत नाही. दुरुस्तीनंतरचा आधार हवा असेल तर ब्रिजस्टोन इंडियाचा निकाल आहे. घरी सराव करायला महागडं सदस्यत्व लागत नाही, ई-एससीआरवर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल फुकट वाचता येतात.

उत्तर एका पानाच्या वर जाऊ देऊ नकोस. पहिल्या ओळीत ‘सांगली’. मग कलम आणि स्पष्टीकरण, त्यांच्या शब्दांत. मग दशरथ राठोड आता का लागू नाही, हे दोन वाक्यांत, कारण समोरचा वकील तोच निकाल घेऊन उभा राहणार. शेवटी कुठली वस्तुस्थिती तपासायची राहिली तेही लिही: खातं खरंच सांगली शाखेत आहे ना, मध्ये दुसऱ्या शाखेत हलवलं नाही ना. बँकेकडून ते लेखी घ्यावं लागेल. हा शेवटचा भाग लिहिणारे फार थोडे असतात, आणि कागद वाचणारा भागीदार बहुधा तिथेच थांबून नाव विचारतो.

त्या तासाला असाही प्रश्न येऊ शकतो: नव्या संहितेच्या कलम २२३ मध्ये दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची आहे, मग ती चेकच्या फिर्यादीतही द्यायची का? यावर उच्च न्यायालयांत मतं निघाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संजाबिज तारी प्रकरणात, जे गोव्याहून आलं होतं, अशी आधीची संधी देण्याची गरज नाही असं सांगितलं. इथेही कसोटी तीच: तुझं उत्तर आजचं आहे का.

आता निकालाबद्दल. केशवानंद भारती नको. तेरा न्यायमूर्तींच्या पीठाचा सात विरुद्ध सहा असा निकाल, त्यातली वेगवेगळी मतं मुळातून वाचून आलेला उमेदवार मला क्वचितच भेटला आहे, आणि एखाद्या अल्पमतातल्या न्यायमूर्तींचं म्हणणं विचारलं की संभाषण संपतं. दशरथ राठोडच घे. निकाल आटोपशीर आहे, त्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट पूर्ण आहे, आणि तुझे दोन्ही ड्राफ्ट त्याच्याशी जोडलेले आहेत.

बोलायला सुरुवात १९९९ च्या के. भास्करनपासून कर. त्यात म्हटलं होतं की या गुन्ह्यात पाच कृती येतात: चेक देणं, तो सादर करणं, तो परत येणं, नोटीस देणं आणि पैसे न भरणं. त्यातली कुठलीही एक जिथे घडली तिथे फिर्याद करता येईल. याचा परिणाम असा झाला की फिर्यादी आपल्या सोयीचं गाव निवडू लागला. चेक आणि बँक एका टोकाला, नोटीस दुसऱ्या टोकाहून पाठवायची आणि खटलाही तिथेच. २००८ च्या हरमन इलेक्ट्रॉनिक्समध्ये नुसती नोटीस पाठवल्याने अधिकारक्षेत्र येत नाही असं म्हणून थोडा लगाम घातला गेला. मग १ ऑगस्ट २०१४ ला दशरथ राठोड. न्या. विक्रमजित सेन यांच्या मुख्य निकालातला गाभा असा: चेक न वटता परत आला तिथेच गुन्हा घडतो. नोटीस आणि १५ दिवस या खटला भरता येण्यासाठीच्या अटी आहेत, गुन्ह्याचे घटक नाहीत. म्हणून चेक देणाऱ्याची बँक जिथे, तिथलंच न्यायालय. न्या. टी. एस. ठाकूर यांचं स्वतंत्र, सहमतीचं मत आहे. ते वेगळं वाच, कारण नुसती हेडनोट वाचून आलेला कोण, हे त्यावरूनच ओळखतात.

मग न्यायालयाने चालू खटल्यांचं काय केलं ते सांग, व्यवहाराच्या दृष्टीने तोच सगळ्यांत मोठा भाग होता. जिथे समन्सनंतर पुरावा सुरू झाला होता ते खटले तिथेच चालू ठेवले, बाकीच्या फिर्यादी योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिल्या. देशभर फायली हलल्या. जून २०१५ मध्ये अध्यादेश आला, डिसेंबरमध्ये दुरुस्ती कायदा झाला आणि तो १५ जून २०१५ पासून लागू धरला गेला. सोबत कलम १४२अ आलं, त्याने चालू खटले नव्या नियमाप्रमाणे वर्ग करायची सोय केली.

एवढ्यावर थांबलीस तर ते पाठांतर होईल. पुढचा प्रश्न हमखास असतो: ‘तुम्हाला कोणाचं पटतं, न्यायालयाचं की संसदेचं?’ इथे दोन्हीकडून डोकं हलवू नकोस, बाजू घे. माझं मत विचारशील तर मला संसदेचं पटतं. चेक घेणारा विश्वासाने माल देतो, आणि पैसे बुडाल्यावर सांगलीच्या व्यापाऱ्याला तारखांसाठी नागपूरला खेटे घालायला लावणं म्हणजे फिर्याद सोडून द्यायला सांगण्यासारखं आहे. शिवाय खातं असलेली शाखा चेक देण्याआधीपासून ठरलेली असते, त्यामुळे भास्करननंतर झाली तशी मनमानी निवड फारशी शक्य राहत नाही. पण न्यायालयाची काळजी खोटी नव्हती, हे मान्य करून बोल. मोठ्या वित्तसंस्थेचं खातं एका महानगरात असेल तर गावोगावच्या कर्जदारांना तिथेच जावं लागतं, आणि नव्या कलमाने तो त्रास मिटवलेला नाही. तुझं मत उलटं असलं तरी काही बिघडत नाही. कारण मात्र निकालातल्या परिच्छेदावर किंवा कलमाच्या शब्दांवर उभं हवं.

एखादा जोडप्रश्न असा येईल की तू विचारच केलेला नसेल, उदाहरणार्थ खरेदीदार कंपनी असती तर? कंपनीलाच आरोपी केल्याशिवाय नुसत्या संचालकांवर खटला टिकत नाही, हे २०१२ च्या अनीता हाडामध्ये आहे, ते वाचून ठेव. तरीही अडलीस तर ‘कलम १४१ मध्ये बघावं लागेल’ असं म्हण आणि टेबलावर बेअर अ‍ॅक्ट असेल तर तो मागून घे. कलम काढून, बोट ठेवून वाचून दिलेल्या उत्तराला कुणी कमी लेखत नाही.

शेअर खरेदीच्या कराराबद्दल थेट विचारलं तर केलेला नाही असं सरळ सांग. मग हवं तर एवढं जोड की त्यातही मुदत, रक्कम आणि नोटिशीची कलमं असतात आणि ती तू कशी तपासशील हे दाखवायला तयार आहेस. अशा वेळी माझ्यासारखी एखादी बाई तुझ्यापुढे नोटिशीचं कलम ठेवून ‘यात काय चुकलंय?’ असं विचारील. तेव्हा आधी पत्ता, मग नोटीस पोचली असं कधी धरायचं, मग दिवस कसे मोजायचे, या क्रमाने बघ.